तीन वर्षे नेमकी कुठल्या दिवशी भरतात?

कोलकात्याच्या उच्च न्यायालयाला 2022 साली पूजेची सुट्टी लागली ती 1 ऑक्टोबरला, आणि संपली 30 ऑक्टोबरला. कोर्ट उघडलं त्याच दिवशी, 31 तारखेला, पश्चिम बंगाल सरकारने एका ठेकेदार कंपनीच्या बाजूने गेलेल्या लवादाच्या निवाड्याविरुद्ध अर्ज दाखल केला. निवाडा सरकारच्या हातात पडला होता 30 जूनला आणि अशा अर्जाला कायद्याने मुदत आहे तीन महिन्यांची. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं कागदपत्र चालतं, असा नियम आहे. म्हणजे सगळा मामला एकाच मुद्द्यावर येऊन ठेपला: तीन महिने सुट्टीत भरले की सुट्टीच्या आधी?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मित्तल यांच्यापुढे जुलै 2024 मध्ये त्याचा निकाल लागला. हिशेब सरळ होता. 30 जून हा दिवस मोजायचा नाही, मोजणी 1 जुलैपासून करायची, म्हणजे तीन महिने 30 सप्टेंबरला भरतात. त्या दिवशी कोर्ट उघडं होतं, सुट्टी दुसऱ्या दिवसापासून होती. लवादाच्या कायद्यात सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवसांची सवलत मिळते, ती मात्र सुट्टीतच संपत होती. पण कोर्ट बंद असल्याचा फायदा मूळ मुदतीला मिळतो, वरच्या सवलतीला नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अर्ज मुदतबाह्य ठरला. ज्यांच्याकडे वकिलांची फौज असते त्यांची ही गत.

आपल्यासारख्यांचे वाद लवादापर्यंत जात नाहीत. ते असतात हातउसन्या पैशांचे, उधारीवर दिलेल्या मालाचे, काम करून थकलेल्या मजुरीचे. अशा बहुतेक पैशांच्या दाव्यांना 1963 च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षं दिली आहेत. हा कायदा 1 जानेवारी 1964 पासून लागू आहे आणि त्याचा खरा जीव शेवटच्या परिशिष्टात आहे. तिथे तीन रकाने आहेत: पहिल्यात दावा कशाचा, दुसऱ्यात मुदत किती, तिसऱ्यात मुदत कधीपासून धरायची. लोक दुसरा रकाना पाठ करतात. ‘तीन वर्षं असतात हो’ हे कट्ट्यावरचा कुणीही सांगेल. दावे मात्र बुडतात ते तिसऱ्या रकान्यात.

एक उदाहरण घेऊ, सगळ्या तारखांसकट. समजा, एका निवृत्त गुरुजींनी पुण्यातल्या भाच्याला दुकानासाठी तीन लाख रुपये दिले. घरातलाच मुलगा, तेव्हा करारनामा वगैरे काही नाही. चेक लिहून हातात दिला सोमवारी, 18 जुलै 2022 ला. भाच्याने तो बँकेत भरला आणि गुरुजींच्या खात्यातून पैसे वळते झाले बुधवारी, 20 जुलैला. परत कधी द्यायचे, हे कुणी बोललंच नाही. ‘मागाल तेव्हा देतो, मामा,’ एवढंच भाचा म्हणाला.

आता तिसरा रकाना उघडू. उसने दिलेल्या पैशांसाठी मुदत पैसे दिले त्या दिवसापासून धरतात. ‘मागितल्यावर परत’ असं ठरलं असलं तरी तोच दिवस. चेकने दिले असतील तर चेक वटला तो दिवस. म्हणजे गुरुजींच्या बाबतीत 20 जुलै 2022. ही तारीख शोधायला पासबुक पुरतं, चेकचं अर्धुक पाहिलं तर दोन दिवसांची चूक होईल. या चुकीने नुकसान होणार नाही, कारण 18 धरली तर गुरुजी दोन दिवस आधीच कोर्टात जातील. उलट्या दिशेची चूक महागात पडते, आणि तीच नेहमी घडते. भाच्याकडे पैसे पहिल्यांदा मागितले ते 2024 च्या जानेवारीत, तेव्हा मुदत तिथून चालू झाली, असं गुरुजींना मनापासून वाटत असतं. माणसाच्या व्यवहारात ते अगदी बरोबर आहे. मागितलंच नाही तर बुडवलं कसं म्हणायचं? पण कायदा म्हणतो, मागायचा हक्क तुम्हाला पैसे दिल्या क्षणापासून होता. तुम्ही भिडेखातर दीड वर्ष गप्प बसलात, ते तुमचं तुम्ही बघा.

मला स्वतःला हा नियम नातेवाइकांतल्या व्यवहारासाठी कठोर वाटतो. पण तो आहे, आणि तो माहीत नसल्याचं कारण कोर्टात चालत नाही.

गंमत अशी की शेजारच्याच ओळीत नेमका उलटा नियम आहे. पैसे उसने न देता ‘ठेव म्हणून’ ठेवले असतील आणि मागताच परत करायचे ठरले असेल, तर तीन वर्षं मागणी केल्या दिवसापासून मोजतात. बँकेतल्या आपल्या खात्याला हाच नियम लागतो, म्हणून बचत खात्याला दहा वर्षं हात लावला नाही तरी बँक ‘मुदत संपली’ म्हणू शकत नाही. गावाकडे सावकारापाशी, सोनाराकडे किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे पैसे ‘ठेवायची’ पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. असे पैसे ठेव होते की उसने, यावरून कोर्टात घनघोर भांडणं होतात, कारण त्यावरच पहिला दिवस ठरतो. नुसतं ‘ठेव’ म्हणून भागत नाही. पैसे सांभाळायला दिले होते की त्याच्या गरजेला वापरायला, हे कागद आणि वागणूक पाहून न्यायाधीश ठरवतात. भाच्याने दुकानासाठी मागून नेलेले तीन लाख कुठल्याही अंगाने ठेव होत नाहीत.

तेव्हा सुरुवातीचा दिवस सापडला: 20 जुलै 2022. आता मोजणी. मुदतीच्या कायद्याचं बारावं कलम सांगतं की ज्या दिवसापासून मुदत धरायची तो दिवस वगळायचा. 20 जुलै बाहेर. 21 जुलै 2022 हा पहिला दिवस. तिथून तीन पूर्ण वर्षं मोजली की शेवटचा दिवस येतो 20 जुलै 2025, आणि हा दिवस मात्र धरायचा. थोडक्यात, सुरुवातीची तारीख लिहा आणि तीन वर्षांनंतरची तीच तारीख हा शेवटचा दिवस. 21 तारखेला दावा गेला तर तो एक दिवस उशिरा.

पहिला दिवस का वगळायचा? याचं उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यात छान दिसतं. 8 नोव्हेंबर 1954 रोजी दुपारी दीड वाजता एक कामगार कारखान्यात जखमी झाला. भरपाईच्या दाव्याला तिथेही तीन वर्षं. त्याने दावा लावला 8 नोव्हेंबर 1957 ला. अपघाताचा दिवस धरला तर मुदत 7 तारखेला संपली होती, वगळला तर 8 ला संपत होती. न्यायालयाने वगळला. कारण अपघाताचा दिवस धरला असता तर त्या दिवसाचे सकाळचे तासही कामगाराच्या खात्यातून वजा झाले असते, आणि त्या तासांत तर अपघात झालेलाच नव्हता. कायदा दिवसाचे तुकडे करत नाही. मग तो अख्खा धरा किंवा अख्खा सोडा. धरला तर माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी वेळ मिळतो, म्हणून सोडायचा. आपल्याकडे यावर वाद घालावा लागत नाही, कलमातच लिहून ठेवलं आहे.

पण त्याच देशात 2021 साली या नियमाची दुसरी बाजू पुढे आली. एका प्रकरणात एक काम 2 जून 2011 च्या मध्यरात्रीपर्यंत करायचं होतं, ते झालं नाही. करारभंगाच्या दाव्याला तिथे सहा वर्षं असतात. दावा लागला सोमवारी, 5 जून 2017 ला. दावेदारांचं म्हणणं असं की हक्क 3 जूनला उत्पन्न झाला, तो दिवस वगळा, मग मुदत 3 जून 2017 ला संपते. तो शनिवार, म्हणून सोमवारी दावा चालतो. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. हक्क मध्यरात्रीच्या ठोक्याला उत्पन्न झाला, म्हणजे 3 जूनचा सबंध दिवस दावेदारांना मिळालाच होता. जो दिवस अर्धवट नाही तो वगळायचं कारण नाही. मुदत 2 जूनला, शुक्रवारी, संपली.

हा इंग्लंडचा निकाल आपल्या कोर्टांना बंधनकारक नाही, पण त्यातून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे कितीतरी कागदांवर लिहिलेलं असतं, ‘31 मार्च 2022 पर्यंत परत करीन.’ मग मुदत 31 मार्चपासून की 1 एप्रिलपासून, असा घोळ होतो. 31 मार्च हीच तारीख धरावी आणि 31 मार्च 2025 हा आपला शेवटचा दिवस समजावा. एका दिवसाच्या लोभासाठी वरच्या कोर्टापर्यंत जाण्यात शहाणपण नाही.

गुरुजींच्या हिशेबात आणखी दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिलं म्हणजे दिवस मोजणं. तीन वर्षं म्हणजे 365 गुणिले तीन, 1095 दिवस, असा हिशेब मोबाइलवर चटकन होतो. पण मधे 29 फेब्रुवारी 2024 आला होता. 21 जुलै 2022 ते 20 जुलै 2025 हे दिवस मोजले तर 1096 भरतात. कायद्यातलं वर्ष हे कॅलेंडरचं वर्ष आहे, दिवसांची मोळी नव्हे. महिन्यांचंही तसंच. तीन महिने म्हणजे 90 दिवस नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हिमाचल प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. आणि पैसे नेमके 29 फेब्रुवारी 2024 ला दिले असतील तर? तो दिवस वगळला, 1 मार्चपासून मोजलं, की तीन वर्षं 28 फेब्रुवारी 2027 ला भरतात. त्या साली 29 तारीख नाही म्हणून 1 मार्चपर्यंत सवड मिळत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे तिथी. आपल्याकडे पाडव्याला पैसे दिले, अक्षय्य तृतीयेला दिले, अशा आठवणी पक्क्या असतात, आणि जुन्या वह्यांत नोंदीही तशाच सापडतात. मुदतीचा कायदा म्हणतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो, मोजणी इंग्रजी कॅलेंडरनेच. 2022 चा गुढीपाडवा 2 एप्रिलला होता. मधे 2023 मध्ये अधिक श्रावण आला, आणि 2025 चा पाडवा पडला 30 मार्चला. पाडव्याला दिलेल्या पैशांची मुदत पाडव्याला संपली नाही, ती 2 एप्रिल 2025 ला संपली. इथे तिथीने तीन दिवस आधी जाग आणली असती, म्हणून बिघडलं नसतं. पण तीन वर्षांच्या टप्प्यात दोन अधिक महिने आले की तोच सण जवळजवळ महिनाभर पुढे सरकतो, आणि तेव्हा सणावर विसंबलेला माणूस पार बुडतो.

तर 20 जुलै 2025. कॅलेंडर पाहिलं तर रविवार. इथे कोलकात्याच्या प्रकरणातला तो नियम गुरुजींच्या उपयोगाचा ठरतो, कारण त्यांची मूळ मुदतच सुट्टीच्या दिवशी संपते. सोमवारी, 21 जुलैला दाखल केलेला दावा मुदतीतला धरला जाईल. कामकाजाच्या वेळेतला काही भाग जरी कोर्ट बंद राहिलं, तरी तो दिवस बंदच समजायचा, असंही कायदा सांगतो.

मात्र हे नीट लक्षात घ्यायला हवं की मुदत सोमवारपर्यंत वाढलेली नाही. ती रविवारीच संपली. कायद्याने फक्त एवढं म्हटलं आहे की कोर्टाचं दारच बंद होतं तर माणसाला दोष नको. हा फरक कुठे जाणवतो? समजा, सोमवारी सकाळी गुरुजी कोर्टाकडे निघाले आणि भाचा आडवा आला. ‘मामा, कोर्टकचेरी कशाला, मी लिहून देतो ना,’ म्हणून त्याने तिथल्या तिथे सही करून दिलं की तुमचे तीन लाख मी देणं लागतो. गुरुजी कागद घेऊन घरी परतले. गेले! मुदत चालू असताना सही केलेल्या कबुलीनेच नवी तीन वर्षं मिळतात. सोमवारी मुदत चालू नव्हती, फक्त दावा लावायची मुभा होती. तोच कागद शनिवारी, 19 तारखेला, किंवा रविवारी दिवसभरात कधीही लिहिला असता तर चाललं असतं.

कबुलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण कोर्टात न जाता मुदत जिवंत ठेवायचा हा एकच सरळ मार्ग सामान्य माणसाच्या हातात आहे. कबुली लेखी हवी, तिच्यावर देणेकऱ्याची सही हवी, आणि ती मुदतीच्या आत हवी. रक्कम बिनचूक लिहिलेली नसली तरी चालते. इतकंच काय, ‘देणं लागतो, पण आत्ता देणार नाही’ असं उद्धट पत्रसुद्धा कबुली ठरतं. भाच्याने 10 डिसेंबर 2024 ला असं पत्र लिहिलं असतं तर तो दिवस वगळून नवी मुदत 10 डिसेंबर 2027 पर्यंत गेली असती. जुन्या मुदतीतले उरलेले सात महिने त्यात मिळवायचे नाहीत, नवी तीन वर्षं सहीच्या तारखेपासूनच. कागदावर तारीख घालायची राहिली तर सही कधी झाली, याची तोंडी साक्ष देता येते, पण त्यात जो वेळ आणि मनस्ताप जातो तो पाहता दोन सेकंद खर्चून तारीख घालून घेतलेली बरी.

तोंडी ‘देतो देतो’ची किंमत शून्य. मोबाइलवरच्या संदेशांवर वकील भांडू शकतात, पण कायद्याला सही हवी आहे, आणि भांडायची पाळी येऊ न देणं हे गुरुजींच्याच हातात आहे. थोडे पैसे परत मिळाले तरी नवी मुदत मिळते, पण तिथेही पैसे दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. भाच्याने दिवाळीला दहा हजार हातावर टेकवले आणि गुरुजींनी ते आपल्या वहीत आपल्या अक्षरात मांडले, तर मुदतीच्या दृष्टीने ते पैसे आलेच नाहीत असं समजा. आणि दोन-तीन वेळा वेगवेगळे पैसे दिले असतील, तर प्रत्येक रकमेची मुदत वेगळी चालते. सगळ्यात जुनी रक्कम सगळ्यात आधी बाद होते. सगळ्यांचा मिळून हिशेब करून त्याखाली भाच्याची सही घेतली, तर ती त्या सगळ्यांना एकदम नवी सुरुवात देते, अर्थात तोवर कुठलीही रक्कम बाद झालेली नसली पाहिजे.

आता नोटीस. ‘वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते’ हा समज इतका घट्ट आहे की सुशिक्षितांनाही पटवून द्यावं लागतं. ज्या दाव्याआधी नोटीस देणं कायद्यानेच सक्तीचं आहे, उदाहरणार्थ सरकारविरुद्धचा दावा, तिथे नोटिशीचा काळ वगळतात. भाच्याला पाठवलेली नोटीस ऐच्छिक आहे, तिने एक दिवसही वाढत नाही. उलट ती दिवस खाते. गुरुजींनी 5 जुलै 2025 ला नोटीस धाडली आणि तिच्यात रिवाजाप्रमाणे ‘30 दिवसांत रक्कम द्यावी’ असं लिहिलं, तर ते 30 दिवस 4 ऑगस्टला संपतात. दिलेला शब्द पाळत गुरुजी थांबले, तर दावा केव्हाच गेलेला असतो.

पोलिस ठाण्यातल्या खेपांचंही तेच. ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असं तिथे दहा वेळा सांगतात, आणि माणूस अकराव्यांदा अर्ज घेऊन जातो, कारण तिथे कोर्ट फी नसते. त्या अर्जांत गेलेला काळ वजा होत नाही. वजा होतो तो चुकीच्या दिवाणी न्यायालयात प्रामाणिकपणे आणि नेटाने दावा चालवण्यात गेलेला काळ. आणि तिथे मोजणीचा नियम चक्क फिरतो. दावा दाखल केला तो दिवस आणि तो निकाली निघाला तो दिवस, दोन्ही वजावटीत धरायचे. गुरुजींनी 1 जुलै 2025 ला भलत्या कोर्टात दावा लावला आणि तो 29 ऑगस्टला ‘आमचा अधिकार नाही’ म्हणून परत आला, तर दोन्ही टोकांसकट 60 दिवस वगळले जातात. 1 ते 20 जुलै हे त्यांचे 20 दिवस शिल्लक होते, ते 30 ऑगस्टपासून पुढे चालतात आणि 18 सप्टेंबरला संपतात. फक्त ही वजावट नव्या वादपत्रात कारणासह मागावी लागते. पुढे युक्तिवादात सांगू म्हणून ठेवून चालत नाही.

मधल्या काळात गुरुजी आजारी पडले, मुलीचं लग्न निघालं, वकीलच वारले, यांतलं काहीही चालत नाही. उशीर माफ करून घेण्याची सोय अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. एकदा सुरू झालेली मुदत माणसाच्या अडचणींसाठी थांबत नाही. करोनाच्या वेळी ती थांबली, 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी वगळला, पण तो अपवाद होता. आणि भाच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तरी सुटका नाही. दावा उशिरा आला असेल तर न्यायाधीशाने तो स्वतःहून फेटाळायचा, असं तिसरं कलम सांगतं.

दाखल होणं म्हणजे काय, हेही पक्कं ठाऊक हवं. वकीलपत्रावर सही केली, स्टॅम्प आणला, वादपत्र टाइप करून झालं, या कशानेही दावा दाखल होत नाही. वादपत्र कोर्टातल्या ते स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यापुढे सादर झालं की मगच. वकिलाच्या कपाटात दोन आठवडे पडून राहिलेलं वादपत्र हे मुदत हुकण्याचं एक नेहमीचं कारण आहे. म्हणून दाखल केल्याचा क्रमांक आणि तारीख पक्षकाराने स्वतः मागून घ्यावी, त्यात वकिलाचा अपमान नाही.

आणि सगळं करून मुदत हुकलीच तर? देणं नाहीसं होत नाही, कोर्टाकरवी वसूल करायची वाट तेवढी बंद होते. भाच्याने पुढे कधी आपणहून तीन लाख दिले, तर ‘मुदत संपली होती’ म्हणून तो ते परत मागू शकत नाही. शिवाय 1872 च्या कराराच्या कायद्यात पंचविसाव्या कलमात एक फट ठेवलेली आहे. मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा नवा, वैध करार ठरतो. सोमवारी रस्त्यात लिहून दिलेला तो कागद इथे कामाला येऊ शकला असता, पण त्यात भाच्याने लिहिलं होतं ‘देणं लागतो’. मुदत उलटल्यावर नुसती कबुली पुरत नाही, ‘देईन’ असं वचन लागतं. तसा कागद मिळाला तर त्यावर सही झाली ती तारीख पाहायची, वचनात फेडीची तारीख असेल तर ती पाहायची, आणि तिसरा रकाना पुन्हा उघडायचा.